पीपीडीए ९ वरून ६ वर आला, पण पोरं तर दमलेली दिसत होती. आकड्यावर विश्वास ठेवू की डोळ्यांवर?

तळखांब (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, रविवारच्या सामन्याचा हिशोब लावून बसलोय आणि तो काही केल्या पटत नाहीये, म्हणून धागा काढतोय.

वेंगुर्ल्याजवळ आमच्या गावाचा संघ आहे. त्याचे सामने मी शाळेच्या गच्चीवरून मोबाईलवर टिपतो आणि रात्री घरी बसून वहीत मोजतो. या वर्षी आमच्या कोचनी वरूनच प्रेस करायचं ठरवलंय. प्रतिस्पर्ध्याचा गोलकीपर स्टॉपरला चेंडू देतो तिथूनच अंगावर जायचं. ते किती जमतंय हे कळावं म्हणून मी पीपीडीए काढायला लागलो. समोरच्यांनी त्यांच्या भागात किती पास केले, त्याला आपण त्याच भागात केलेल्या टॅकल, इंटरसेप्शन, फसलेले टॅकल आणि फाउल यांच्या बेरजेने भागायचं. आकडा जितका लहान तितके कमी पास आपण करू दिले.

रविवारी खाडीपलीकडच्या संघाशी सामना होता. ३५ मिनिटांचे दोन हाफ. पहिल्या हाफमध्ये त्यांचे १०८ पास, आमच्या कृती १२. म्हणजे ९. हाफटाइमला हस्ताचा पाऊस असा कोसळला की मळ्याच्या बाजूच्या गोलसमोर घोटाभर पाणी साचलं. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे ४२ पास, आमच्या कृती ७. म्हणजे ६.

आकडा म्हणतो की दुसऱ्या हाफमध्ये आम्ही जास्त जोरात प्रेस केलं. मी गच्चीवरून पाहिलं ते उलटं होतं. आमचे पुढचे तिघे ५० व्या मिनिटानंतर कमरेवर हात ठेवून उभे राहायला लागले होते. पहिल्या हाफमध्ये १-० पुढे होतो, शेवटी १-२ हरलो. तरी संघाच्या ग्रुपवर माझा आकडा फिरतोय आणि पोरं म्हणतायत, बघा, आम्ही दमलो नव्हतो. कोच पुढच्या रविवारी त्याच तिघांना पूर्ण वेळ ठेवायचं म्हणतायत. माझ्या आकड्यामुळे चुकीचा निर्णय होऊ नये एवढीच काळजी आहे.

---

खडपाळ (सोमवार, रात्री ११:०५)

यात न पटण्यासारखं काय आहे? पीपीडीए कमी तितकं प्रेसिंग चांगलं, सगळीकडे असंच धरतात. डोळ्यांना शेवटची दहा मिनिटं तेवढी लक्षात राहतात. पोरं शेवटी दमली असतील, पण त्याआधी पळालीच असतील की.

दुसरं म्हणजे, हा आकडा तसाही चेंडूच्या ताब्याचाच दुसरा अवतार आहे. ज्याच्याकडे चेंडू जास्त, त्याच्यासमोरच्याला पासच कमी मिळतात, मग आकडा आपोआप लहान. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू तुमच्याकडे जास्त होता का ते बघ आधी.

---

रापणकर (मंगळवार, सकाळी ६:५०)

माका एक कळत नाय. तुमी समोरच्यांचे पास मोजतास, मग आपले पास कोण मोजता? रविवारी मी मैदानावर होतंय. आपल्या पोरांचे तीन पास सरळ जात नव्हते. आणि आमचो मागचो स्टॉपर, त्याने दुसऱ्या हाफात निदान पंधरा वेळा डोक्यान चेंडू बाहेर काढल्यान. तो तुमच्या सात कृतींत कसो बसता? सात म्हणजे त्या एकट्याच्या अर्धेपण नाय. खरा सांगूचा तर त्या पोराक बक्षीस द्यायक होया.

---

दीपस्तंभ (मंगळवार, सकाळी ९:२०)

मी मूळचा देवगडचा. आता पोटापाण्यासाठी सामन्यांचे व्हिडिओ बघून एकेक पास, एकेक टॅकल नोंदवण्याचंच काम करतो, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

रापणकर काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण त्यातूनच मुद्दा सुटतो. स्टॉपरने डोक्याने काढलेले पंधरा चेंडू यात बसत नाहीत, कारण ते आपल्या गोलजवळ काढलेले आहेत. हा आकडा कॉलिन ट्रेनर यांनी २०१४ मध्ये मांडला तो फक्त वरच्या प्रेसिंगसाठी. समोरच्याच्या गोलरेषेपासून मैदानाचा ६० टक्के भाग धरायचा आणि त्याच भागातले पास, त्याच भागातल्या कृती घ्यायच्या. आपल्या गोलकडचा ४० टक्के भाग सोडून द्यायचा, कारण तिथे प्रत्येक संघ टॅकल करतोच, करावाच लागतो. तिथली मेहनत मोठी असते, पण तिला प्रेसिंग म्हणत नाहीत. त्या पोराला बक्षीस जरूर द्या, फक्त दुसऱ्या खात्यातून.

खडपाळ, ताब्याचं म्हणतोस ते अर्धं खरं आहे. नुसते टॅकल मोजले की चेंडूमागे धावणारा संघ मेहनती दिसतो आणि चेंडू राखणारा आळशी, कारण ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला टॅकल करायला काही उरतच नाही. पासांनी भागल्यावर तो अन्याय बराचसा निघून जातो. समोरच्याकडे चेंडू कमी असेल तर पासही कमी आणि कृती करायची संधीही कमी. दोन्ही बाजू सोबत उतरतात, म्हणून भागाकार निव्वळ ताब्यामुळे फारसा हलत नाही.

तळखांब, तुझ्याकडे दोन्ही बाजू सोबत उतरलेल्या नाहीत. पास १०८ वरून ४२, म्हणजे निम्म्याहून खाली. कृती १२ वरून ७. पास जास्त वेगाने पडले म्हणून आकडा सुधारला. आता शोधायचं ते हे की पास कुणी पाडले? तुमच्या पोरांनी, समोरच्यांनी स्वतःहून, की पावसाने?

तीन गोष्टी कळव. ६० टक्क्यांची रेषा कुठे धरलीस? ४२ पासांत लांब मारलेले किती? आणि सात कृतींची फोड काय?

---

तळखांब (मंगळवार, दुपारी १:१५)

दीपस्तंभ, मनापासून आभार. डबा खाता खाता वही उघडली.

रेषा: आमचं मैदान ९० मीटर आहे, म्हणजे त्यांच्या गोलरेषेपासून ५४ मीटर. मधल्या रेषेच्या पुढे आमच्या बाजूला ९ मीटर येतात. दोन्ही बाजूंना फक्कीने एकेक फूल काढून ठेवलं होतं. पावसाने ते धुतलं गेलं. दुसऱ्या हाफला मग बांधावरचा सुरुंगीचा बुंधा आणि समोरचा विजेचा खांब जोडून रेषा धरली. एखाद-दोन पासांची चूक असेल, त्याहून जास्त नाही.

लांब किक: ४२ पैकी २३. पहिल्या हाफमध्ये फक्त ११ होत्या.

कृतींची फोड: पहिल्या हाफमध्ये टॅकल ५, इंटरसेप्शन ४, फाउल २, फसलेला टॅकल १. दुसऱ्या हाफमध्ये टॅकल १, इंटरसेप्शन २, फाउल ४, फसलेला टॅकल एकही नाही.

फोड लिहितानाच पोटात गोळा आला. ही वही माझ्यासमोरच होती, पण मी बेरीज करून मोकळा झालो होतो.

---

दीपस्तंभ (मंगळवार, दुपारी २:०५)

ते चार फाउल परत बघ. कोणत्या प्रकारचे होते?

---

तळखांब (मंगळवार, रात्री ९:५०)

बघितले, एकेक चार-चार वेळा.

पहिल्यात आमचा सेंटर फॉरवर्ड त्यांच्या स्टॉपरकडे धावत जातो. स्टॉपरने चेंडू कधीच पुढे मारलेला असतो. आमच्याला थांबता येत नाही, तो चिखलात दहा फूट घसरत जाऊन स्टॉपरच्या पायांत शिरतो. शिट्टी. दुसरा हुबेहूब तसाच, फक्त विंगरचा. तिसऱ्यात आमच्या हाफने त्यांच्या मिडफिल्डरचा शर्ट ओढला, कारण तो वळून निघून चालला होता. चौथा खरा होता. दोघं चेंडूवर एकत्र आले आणि आमचा अर्धा क्षण उशिरा पोचला.

म्हणजे चारांपैकी दोन तर चेंडू निघून गेल्यावरची घसरण आहे. ती प्रेसिंगची कृती म्हणून माझ्या आकड्यात बसली आहे.

फाउल काढून टाकले तर पहिला हाफ १०८ ला १०, म्हणजे १०.८. दुसरा हाफ ४२ ला ३, म्हणजे १४. सगळंच उलटं झालं! मग हेच खरं ना? ग्रुपवर हेच टाकू?

---

खडपाळ (मंगळवार, रात्री १०:१०)

थांब थांब. आकडा आवडला नाही म्हणून फाउल काढले, आता आवडला म्हणून ठेवायचा, हे बरोबर नाही. फाउल मुद्दाम मोजतात. चेंडू गेला की लगेच फाउल करून समोरच्याची चाल तोडणं ही प्रेस करणाऱ्या संघांची ठरवलेली रीतच असते. तो शर्ट ओढलेला फाउल तर नक्कीच धरायला हवा.

---

दीपस्तंभ (मंगळवार, रात्री १०:४५)

इथे खडपाळ बरोबर आहे, आणि १४ वर उडी मारू नकोस असं मी पण सांगणार होतो. तीन कृतींवर काढलेला भागाकार फार हलका असतो. आणखी एक इंटरसेप्शन झालं असतं तर ४२ ला ४, म्हणजे १०.५, पहिल्या हाफच्या जवळपास. एका पोराचा पाय एकदा वीतभर पुढे पडला असता तर तुझा निष्कर्ष बदलला असता. मोठ्या लीगमध्ये पूर्ण मोसमाची बेरीज घेतात तेव्हा ही हलकी बाजू जड होते. ३५ मिनिटांच्या एका हाफवर ९ की ६ की १४, यातल्या कशावरच कुणाला संघाबाहेर ठेवू नये.

आता आकडा क्षणभर बाजूला ठेव आणि त्या लांब किककडे बघ. लांब किक हा एकच पास. तीच चाल मागून खेळत आणली असती तर सहा-सात पास झाले असते. म्हणजे गोलकीपरने पुढे भिरकावायचं ठरवलं की वरची संख्या कोसळते आणि तुमचा एकही माणूस जागचा न हलता तुमचा पीपीडीए सुधारतो. पण त्याने भिरकावलं कशामुळे हे आकड्यात कुठेच नाही. कोणी अंगावर आलं म्हणून मारलेली किक हे प्रेसचं यश. पाणी साचलं म्हणून मारलेली किक हा निव्वळ पाऊस. दोन्हींची नोंद एकच.

म्हणून २३ किक एकेक करून बघ. चेंडू पायावरून सुटला त्या क्षणी तुमचा सगळ्यांत जवळचा माणूस किती पावलांवर होता?

---

सुरंगीचा वळेसर (बुधवार, सकाळी ७:३०)

मी कॉलेजात असताना सहा वर्षं गोलकीपर होते, आता कुडाळजवळ एका शाळेत खेळ शिकवते. मुलींचा १४ वर्षांखालचा संघ आहे. गोलमधून काय दिसतं ते सांगते.

किक मारतानाचं अंतर बघून सगळं कळणार नाही. गोलकीपर ठरवते ती किक मारायच्या दोन-तीन सेकंद आधी. चेंडू माझ्याकडे परत येत असतानाच मी बघते की माझ्या दोन्ही स्टॉपरच्या पाठीला कोणी चिकटलंय का. चिकटलं असेल तर माझ्यासमोर वीस पावलं मोकळी असली तरी मी लांबच मारणार. व्हिडिओत दिसेल की गोलकीपर एकटी, कोणीच अंगावर नाही. प्रत्यक्षात माझे सगळे जवळचे रस्ते बंद झालेले असतात. म्हणून नुसती जवळच्या माणसाची पावलं मोजू नका. गोलकीपरला जवळ द्यायला कोण मोकळं होतं तेही बघा.

आता माझी अडचण. आमच्या एका मुलीला पालक म्हणतात की ती पुढे राहून काहीच करत नाही. मला दिसतं की ती धावते ती अशी वाकडी वाट घेऊन, की स्टॉपरला आतला पास देताच येत नाही, ती बाहेरच्या बाजूलाच देते आणि तिथे आमची दुसरी मुलगी चेंडू काढून घेते. नाव दुसरीचं होतं. हा पीपीडीए एकेका खेळाडूचा काढता येतो का? पालकांना दाखवता येईल असं काहीतरी हवंय.

---

दीपस्तंभ (बुधवार, सकाळी ९:४०)

मॅडम, तुम्ही सांगितलेली दोन-तीन सेकंदांची गोष्ट सोन्यासारखी आहे. आमच्या कामातही हाच गोंधळ कायम असतो.

एकेका खेळाडूचा नाही काढता येत. पास अकरा जणींनी मिळून करू दिलेले असतात, ते एकीच्या नावावर कसे टाकणार? आणि तुमची ती मुलगी करते ते तर या आकड्याला दिसतच नाही. तिचा पाय चेंडूला लागत नाही, ती फाउल करत नाही, म्हणून तिची कृती शून्य. २०१८ पासून काही ठिकाणी चेंडूवाल्यावर चालून जाणं हीच वेगळी घटना म्हणून नोंदवायला लागले, ते याच उणिवेमुळे. तुम्ही हातानेच करा. तिने वळवलेल्या पासानंतर पुढच्या पाच सेकंदांत चेंडू आपल्याकडे आला तर तिच्या नावापुढे एक रेघ. दोन सामन्यांनंतर पालकांना वही दाखवा आणि सोबत एक क्लिप.

---

रापणकर (बुधवार, सकाळी ११:२०)

आता माका कळला. म्हणजे रापण ओढताना एका दोरावरचे गडी नुसते धरून उभे रवतत, ओढताना दिसतत ते दुसऱ्या बाजूचे. पण ह्यांनी सोडल्यान तर मासळी तिकडच्यान जातली. त्या चेडवाचा काम धरून ठेवण्याचा. बरोबर ना?

---

सुरंगीचा वळेसर (बुधवार, दुपारी १२:०५)

काका, अगदी तसंच. हे मी तिच्या आईला सांगणार. रापण त्यांच्या घरचीच आहे.

---

पलीकडचा (बुधवार, रात्री ८:३०)

एका मित्राने ही लिंक पाठवली. रविवारी मी तुमच्याविरुद्ध खेळलो, डावा स्टॉपर. तळखांब, पहिल्या घसरणीत ज्याच्या पायांत तुमचा फॉरवर्ड शिरला तो मीच. गुडघा ठीक आहे.

तुम्ही शोधताय त्याचं उत्तर आमच्याकडे आहे. हाफटाइमला आमच्या कोचनी बादली पालथी घालून तिच्यावर बसून एकच सांगितलं. मळ्याकडच्या गोलसमोर पाणी आहे, आता आपला गोल तिकडे, मागून एकही पास खेळायचा नाही, सरळ वर मारा आणि मागे धावा. त्यामुळे दुसऱ्या हाफमध्ये मी चेंडू आला की मारतच होतो. तुमचं कोणी जवळ आहे का हे बघतही नव्हतो. तुम्ही बाकावर बसून राहिला असतात तरी मी मारलंच असतं.

---

खडपाळ (बुधवार, रात्री ८:५५)

घ्या, मिटला प्रश्न. पाऊसच. मी माझं सोमवारचं मागे घेतो, सहा हा आकडा पावसाचा आहे.

---

पलीकडचा (बुधवार, रात्री ९:२०)

अगदी तसंही नाही म्हणता येणार. कोच हे बोलले तेव्हा आधीच्या हाफबद्दलही बोलले. तुमचा गोल आमच्या लेफ्टबॅकच्या पायातून चेंडू काढून झाला होता, आणि त्यानंतर लेफ्टबॅक चेंडू मागायलाच तयार नव्हता. मी त्याच्याकडे बघायचो, तो तोंड फिरवायचा. पाऊस नसता आला तरी आम्ही मागून किती खेळलो असतो देव जाणे. पहिल्या हाफची शेवटची दहा मिनिटं बघा, आम्ही तेव्हाच लांब मारायला लागलो होतो असं मला आठवतंय.

---

तळखांब (गुरुवार, रात्री ११:३०)

पलीकडचा, तुम्ही इथे येऊन लिहिलंत याचं फार बरं वाटलं. काल आणि आज रात्री बसून पूर्ण सामना परत मोजला.

आधी २३ किक. सुटण्याच्या क्षणी आमचा माणूस पाच पावलांच्या आत असलेल्या फक्त ४. उरलेल्या १९ पैकी, मॅडमनी सांगितलं तसं, जवळ द्यायला निदान एक जण स्पष्ट मोकळा असलेल्या १३. सहा ठिकाणी मला ठरवता आलं नाही, पावसात गच्चीवरून पाठमोरे सगळे सारखेच दिसतात. म्हणजे निदान १३ किक तरी आमच्या प्रेसमुळे नव्हत्या.

पहिल्या हाफच्या ११ लांब किकपैकी ८ शेवटच्या दहा मिनिटांतल्या आहेत. तुमची आठवण बरोबर निघाली. आणि तेव्हा पाऊस नव्हता.

मग एक वेगळी गोष्ट मोजली. त्यांच्या भागात सुरू झालेली प्रत्येक चाल धरली आणि ती आमच्या फक्कीच्या रेषेआधीच संपली का ते बघितलं. पहिल्या हाफमध्ये ३१ चाली, त्यांतल्या १७ आधीच संपल्या. दुसऱ्या हाफमध्ये ३४ चाली, त्यांतल्या फक्त ६.

त्या १७ बघताना मला जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ व्या मिनिटाला त्यांचा गोलकीपर पलीकडचा यांना देतो, ते लेफ्टबॅकला देतात. आमचा उजवा विंगर सरळ न जाता आतून वळसा घेऊन येतो, त्यामुळे मधला रस्ता बंद. मागून आमचा हाफ दहा पावलं वर सरकतो, त्यामुळे रेषेवरचाही रस्ता बंद. लेफ्टबॅक मान वर करतो, खाली घालतो, परत वर करतो, आणि चेंडू सरळ मैदानाबाहेर मारतो. थ्रो आमचा. माझ्या वहीत त्या चालीचे दोन पास आहेत आणि कृती शून्य. आम्ही सामन्यात केलेलं सगळ्यांत सुंदर प्रेसिंग, आणि त्याने आमचा पीपीडीए बिघडवला! असे बाहेर मारलेले चेंडू पहिल्या हाफमध्ये ९ आहेत. दुसऱ्या हाफमध्ये ३.

---

दीपस्तंभ (शुक्रवार, सकाळी ९:१०)

असंच काम हवं होतं. आता चित्र बरंच स्पष्ट आहे. पहिल्या हाफचा ९ हा तुमची मेहनत कमी दाखवत होता, कारण चांगला प्रेस चेंडूला पाय न लावताच चेंडू मिळवतो. दुसऱ्या हाफचा ६ हा नसलेली मेहनत दाखवत होता.

दोन गोष्टींची मात्र काळजी घे. एक, तुम्ही १-० पुढे होता. पुढे असलेला संघ थोडा मागे सरकतोच, तो दमलेला असो वा नसो. त्यामुळे ६ चाली म्हणजे पाय संपले असं लगेच म्हणू नकोस. बरोबरी झाल्यानंतरचा भाग वेगळा काढ. तेव्हा मागे सरकायचं कारण नव्हतं.

दोन, चाली अडवणं आणि सामना राखणं यांतही अंतर आहे. कोच बिएल्सांचा लीड्स संघ माणसामागे माणूस लावून खेळायचा आणि प्रीमियर लीगमधल्या सर्वांत कमी पीपीडीए असलेल्या संघांत असायचा. २०२०-२१ मध्ये ते नववे आले. पुढच्या मोसमात पद्धत तीच होती, पण २०२२ च्या एकट्या फेब्रुवारीत त्यांनी पाच सामन्यांत २० गोल खाल्ले आणि महिनाअखेरीस बिएल्सा गेले. प्रेस चुकला की मागे किती मोकळं मैदान उरतं, हे यातला कोणताच आकडा सांगत नाही. तुमचे दोन्ही गोल कसे खाल्ले ते बघितलंस का?

---

तळखांब (शुक्रवार, दुपारी १:४०)

बघितले. दोन्ही लांब किकवरूनच. आमचे पुढचे तिघे वर, मागचे चौघे खाली, आणि मध्ये निदान तीस मीटरची खिंड. स्टॉपरने डोक्याने काढलेला चेंडू दोन्ही वेळा त्या खिंडीत त्यांच्याच माणसाला मिळाला. रापणकर काका, तुमच्या स्टॉपरचा यात काही दोष नाही.

बरोबरीनंतरची १४ मिनिटं वेगळी काढली. त्यांच्या १५ चाली, आम्ही आधी संपवलेल्या २. पुढचे तिघे चालत होते, यात आता मला शंका नाही.

कोचना आज संध्याकाळी वही घेऊन भेटतोय. पीपीडीए त्यांना सांगणार नाही. ११ व्या मिनिटाची क्लिप आणि ५८ व्या मिनिटाची क्लिप, दोन्ही शेजारी लावून दाखवणार. ५० व्या मिनिटाला तिघांपैकी निदान एक तरी बदला, एवढंच म्हणणार.

---

खडपाळ (शुक्रवार, दुपारी २:००)

मग पीपीडीए काढणं सोडणार का?

---

तळखांब (शुक्रवार, दुपारी २:२५)

नाही. पास आणि कृती मोजायला एका सामन्याला मला दोन तास लागतात, चाली आणि मोकळी माणसं बघायला दोन रात्री गेल्या. पीपीडीए काढत राहीन, पण फोडीसकट लिहीन: पास किती, त्यांत लांब किती, फाउल किती, मैदान कोरडं की ओलं. आणि आकडा एकदम हलला की तेवढा भाग परत बघीन.

---

सुरंगीचा वळेसर (शुक्रवार, संध्याकाळी ५:१५)

फाउलचं मात्र तुम्ही ठरवलं नाहीत. घसरून केलेला आणि शर्ट ओढून केलेला, दोन्ही एकाच रकान्यात टाकणार का? मी मुलींना शर्ट ओढायला शिकवत नाही आणि शिकवणारही नाही. पण त्यामुळे आमचा आकडा दुसऱ्या शाळेच्या शेजारी ठेवला की आम्ही कमी मेहनती दिसणार.

---

दीपस्तंभ (शुक्रवार, संध्याकाळी ६:३०)

मॅडम, यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही. मी स्वतः फाउल धरतो, माझी शेजारीण धरत नाही, आणि आम्ही दोघं एकाच सामन्याचे दोन आकडे देतो. वेगवेगळ्या साइटवरचे पीपीडीए जुळत नाहीत त्यामागेही अशीच कारणं असतात, कुणी काय धरलं आणि काय सोडलं. तुम्ही एक ठरवा आणि मोसमभर तेच धरा. दुसऱ्या शाळेशी तुलना करायची तर त्यांचा व्हिडिओ मागून तुम्हीच मोजा.

---

पलीकडचा (शुक्रवार, रात्री ९:०५)

तळखांब, परतीचा सामना आमच्याकडे आहे. आमचं मैदान सड्यावर, पाणी थांबत नाही. आम्ही मागून खेळणार, आत्ताच सांगून ठेवतो. गच्ची नाही, पण पाण्याच्या टाकीवर चढता येतं. फक्की मी आणून ठेवतो, ५४ मीटरवर तुम्हीच मारा.